एकतीस वर्षं सात मिनिटांत कशी बसवू?

पत्र

ताई, मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमच्या गणिताच्या मॅडम ३१ वर्षं सर्व्हिस करून ३१ मे ला रिटायर होतायत. मे मध्ये शाळा बंद म्हणून निरोप समारंभ ३० एप्रिललाच ठेवलाय. स्टाफतर्फे मी बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं, कारण गेली बावीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये एकाच टेबलावर बसतो. मुख्याध्यापकांनी सात मिनिटं दिलीत. मी लिहायला बसले तर फुलस्केपची पाठपोट चार पानं झाली आणि तरी बरंच राहिलंय असं वाटतं. कच्चं लिखाण सोबत पाठवतेय. दोन भीती आहेत, एक म्हणजे मी मधेच रडणार आणि दुसरी म्हणजे पर्यवेक्षक पदाच्या वेळी मॅडमवर अन्याय झाला, त्यांना डावलून ज्युनिअर माणूस घेतला, आणि संस्थेचे तेच लोक स्टेजवर बसणार. मी त्याबद्दल बोलावं का गप्प बसावं? गप्प बसले तर मैत्रीला जागले नाही असं वाटेल. मॅडमच्या मिस्टरांची तब्येत सध्या बरी नसते, तरी ते येणार आहेत. शेवटी एक कविता घेतलीये, ग्रुपवर आली होती, छान आहे.

उत्तर

तुमची चारही पानं वाचली, पाठपोट. आधी हिशोब करू, कारण गणिताच्या मॅडमचा कार्यक्रम आहे. स्टेजवर माइकसमोर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सात मिनिटांत साधारण आठशे. तुमचं लिखाण सतराशेच्या पुढं जातंय, म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं, शिवाय टाळ्या आणि माइकची घरघर वेगळी. तेव्हा अर्ध्याहून जास्त जाणार हे आत्ताच धरून चाला, नाहीतर तिथं उभं राहून पानं उलटत "वेळेअभावी" म्हणायची पाळी येईल, आणि त्यात नेमकं चांगलं तेच राहून जातं.

आता काय काढायचं. माझं म्हणणं जरा उलटं आहे, तुम्ही ३१ वर्षं बसवायची असं धरूनच चाललायत, पण ते तुमच्याकडे कोणी मागितलेलंच नाहीये. कार्यक्रमाचा क्रम डोळ्यासमोर आणा. प्रतिमापूजन, स्वागतगीत, मग प्रास्ताविकात मुख्याध्यापक सेवापुस्तक उघडून बसल्यासारखं सांगणार की रुजू कधी झाल्या, वरिष्ठ श्रेणी कधी, कोणकोणत्या समित्यांवर काम केलं. मानपत्रात तेच परत येणार, अलंकारिक भाषेत आणि फ्रेम करून. अध्यक्ष तेच तिसऱ्यांदा सांगतील. तुमची पहिली दीड पानं नेमकी हीच आहेत, ती सरळ काढा. नंतर अर्धं पान "शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख" असं आलंय, तेही काढा, कारण हे चार शब्द त्या हॉलमध्ये गेल्या वर्षी दुसऱ्या कोणासाठी तरी म्हटले गेलेत आणि मागच्या रांगेतल्या नववीच्या पोरांनासुद्धा ते पाठ असतील.

मी लिखाण वाचताना प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लावत गेले, की हे वाक्य हॉलमधलं दुसरं कोणी बोलू शकतं का? बोलू शकत असेल तर त्यांना बोलू द्या. तुम्ही बावीस वर्षं एका टेबलावर बसलात, तुम्हाला जे दिसलं ते संस्थेला दिसलं नाही, मुलांना दिसलं नाही, घरच्यांनाही नाही. अशी वाक्यं मला चार पानांत दोनच सापडली. एक तिसऱ्या पानावर खाली आहे, तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलायत, की मॅडम पेपर तपासताना एक दोनशे पानी वही शेजारी उघडी ठेवतात आणि त्यात रोल नंबरपुढे "चि, ह, कं, वा" अशी अक्षरं लिहितात. आणि कंसात तुम्हीच खुलासा केलाय, चि म्हणजे चिन्ह चुकलं, ह म्हणजे हातचा, कं म्हणजे कंस, वा म्हणजे प्रश्न वाचलाच नाही. मग मधल्या सुट्टीत फक्त कंसवाल्यांना बोलावून जिन्याखाली पंधरा मिनिटं घेतात.

अहो, हेच तुमचं भाषण आहे!

यात काय आहे बघा. बाहेरच्याला वाटतं की गणितात कच्चा म्हणजे कच्चा, सगळा एकच ढीग. कंसाच्या बाहेर वजा असेल तर आतली सगळी चिन्हं बदलतात, हे एवढंच ज्याच्या डोक्यात बसलेलं नाही तो पोरगा बाकी सगळं बरोबर करून दहापैकी तीन मार्क घेतो आणि घरी जाऊन सांगतो मला गणित जमतच नाही. मॅडम मार्क न बघता चूक कुठली ते बघतात, आणि एका प्रकारच्या चुकीची मुलं एकत्र घेतात, म्हणून पंधरा मिनिटांत काम होतं. हे तुम्ही सांगितलंत की "विद्यार्थीप्रिय" वगैरे म्हणायची गरजच उरत नाही, लोकांना आपसूक कळतं.

पण त्यासाठी एक ओळ पुरणार नाही, दोन-अडीच मिनिटं द्यायला लागतील. आणि तुम्हाला थोडी माहिती गोळा करायला लागेल. ती वही पहिल्यांदा कधी सुरू केली, का केली, हे मॅडमनाच विचारा, समारंभासाठी म्हणून नको, चहा पिताना सहज. जुन्या बॅचच्या दोन-तीन मुलांना फोन करा. त्यांना "मॅडम कशा होत्या" असं मात्र विचारू नका, कारण मग उत्तर येतं "खूप छान होत्या", आणि त्याचं काहीच करता येत नाही. विचारा की मॅडमनी तुझ्या बाबतीत काय केलं, तू कुठं होतास, पुढं काय झालं. आणि शिपाईमामांना जरूर विचारा, शाळा सुटल्यावर कोण कुठं थांबतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहिती नसतं.

सुरुवात मी लिहून देते, तुमच्या आठवणीप्रमाणे दुरुस्त करून घ्या:

"अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे आणि समोरचे सगळे, आणि मॅडम. मी स्टाफरूममध्ये मॅडमच्या टेबलावर बसते, त्यामुळं त्यांच्या ड्रॉवरमध्ये काय काय असतं हे मला माहितीये. मुलांनो घाबरू नका, जप्त केलेल्या मोबाईलबद्दल बोलत नाहीये मी. एक वही असते. चाचणीचे पेपर आले की ती वही उघडते. मला बरेच दिवस वाटायचं की मार्कांची वही असेल. एकदा डोकावून बघितलं तर त्यात एकही मार्क नव्हता..."

बस, एवढी सुरुवात पुरे. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव आणि पद घ्यायला गेलात तर दीड मिनिट तिथंच संपतं, आणि ते काम सूत्रसंचालकांनी तुमच्याआधी केलेलं असतं. वही सोबत नेऊन दाखवायचा मोह होईल, तो आवरा, त्यात मुलांचे रोल नंबर आणि चुका आहेत आणि ती मुलं समोर बसलेली असणार.

त्यावरूनच दुसरं आठवलं. दुसऱ्या पानावर तुम्ही एका मुलाचं नाव आणि गाव घालून लिहिलंय की त्याच्या दहावीच्या फॉर्मची फी मॅडमनी भरली. हे नाव काढा, गाव काढा, वर्षही काढा. तो मुलगा आता बापई माणूस झालाय, कदाचित त्याची मुलगी तुमच्याच शाळेत पाचवीत असेल, आणि त्याच्या घरची तेव्हाची परिस्थिती माइकवरून सांगायचा हक्क ना तुम्हाला आहे ना मॅडमना. शिवाय मॅडमनी हे तुम्हाला स्टाफरूममध्ये सांगितलं असेल ते तुम्ही मैत्रीण म्हणून. त्यांना विचारा, "हे बोलू का?" त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर एका वाक्यात, कोणाचंही नाव न घेता.

आता तो अन्यायाचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर तुम्ही पत्र लिहिलंय असं मला वाटतं. बोलू नका. का ते सांगते, भित्रेपणाचा सल्ला म्हणून सांगत नाहीये. खाजगी शाळांमधली ज्येष्ठता १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत ठरलेली आहे, तिच्या अनुसूची फ मध्ये, आणि ज्येष्ठता यादीवर हरकत घ्यायची ती लेखी, त्या-त्या वेळी, संस्थेकडे आणि मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे. ती जागा वेगळी, ही वेगळी. निरोपाच्या माइकवरून एक टोमणा मारला तर निकाल काहीच लागत नाही, फक्त पुढचे वक्ते त्याला उत्तर देत बसतात आणि मॅडमचा कार्यक्रम त्या पर्यवेक्षकांचा होऊन जातो. संध्याकाळी लोक घरी जाऊन काय सांगतील? वहीबद्दल नाही सांगणार. वर मॅडमचा पेन्शनचा प्रस्ताव अजून याच शाळेतून पुढं जाणार आहे, त्यावर याच ऑफिसच्या सह्या आहेत, आणि मे महिन्यात त्यांना चार वेळा त्या टेबलासमोर उभं राहायला लागेल, तुम्हाला नाही.

पण गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे, आणि इथं तुमच्या लिखाणात मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य आहे. चौथ्या पानावर तुम्ही लिहिलंय, "मॅडमनी कधीही पदाची अपेक्षा केली नाही." तुम्हाला वाटतंय की यानं त्यांचा मोठेपणा दिसेल आणि जाणत्यांना टोमणाही कळेल. अहो, अपेक्षा केली होती ना त्यांनी! तुम्हीच पत्रात लिहिताय डावललं म्हणून. समोर बसून हे ऐकताना त्यांना काय वाटेल, की माझ्या जवळच्या मैत्रिणीनंसुद्धा माझा हक्क माझा त्याग करून टाकला. ज्यांनी डावललं त्यांना तर हे वाक्य फारच आवडेल, मान डोलावतील. ते काढा. त्या जागी त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते सांगता येतं, म्हणजे संस्थेला काही न बोलता असं म्हणता येईल, "शाळेचं वेळापत्रक कित्येक वर्षं मॅडमनी बसवलं, ऑफ तासाची प्रॉक्सी कोणाला लावायची हे आम्ही सगळे त्यांनाच विचारायचो." हे तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलेलंच आहे. यात आरोप कुठंच नाही, खोटंही काही नाही, आणि पर्यवेक्षकाचं काम कोण करत होतं हे ज्यांना कळायचं त्यांना कळतं. मैत्रीला जागायचं ते एवढंच, आणि हे वाक्य सपाट आवाजात म्हणायचं, कोणाकडे बघून नाही.

अजून एक बारीक गोष्ट, पण ती सगळ्या भाषणभर आहे. तुम्ही सगळीकडे "होत्या, करायच्या, असायच्या" लिहिलंय. वाचताना मला सारखं शोकसभेसारखं वाटत होतं. मॅडम समोर बसलेल्या आहेत, आणि ३० एप्रिलला तर त्या सर्व्हिसमध्येच आहेत, दुसऱ्या दिवशी १ मे ला निकाल लावायलाही त्याच असणार. रिटायर ३१ मे ला. त्यामुळं "आहेत, करतात, लिहितात" असं बोला, जुना प्रसंग सांगताना तेवढा भूतकाळ. एवढ्या एका दुरुस्तीनं तुमचं निम्मं रडूसुद्धा कमी होईल बघा.

(जाता जाता, १ जूनच्या वाढदिवसाचा विनोद तुम्ही घातलाय, गुरुजींनी शाळेत घालताना तारीख लावून टाकली तो. काढा. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायरमेंट, म्हणून त्या पिढीतले कितीतरी जण ३१ मे लाच सुटतात आणि प्रत्येकाच्या समारंभात कोणी ना कोणी हा विनोद करतोच. तुमच्याकडे मुख्याध्यापक करतील, त्यांच्या तोंडचा घास काढू नका.)

विनोद हवाच असेल तर तुमच्याकडे खरा आहे. ते दुसरं वाक्य जे मी म्हटलं की फक्त तुम्हीच बोलू शकता, ते हे, की मॅडम पीटीचा तास मागून घेतात, आणि "फक्त आजच्या दिवस" असं म्हणून दर आठवड्याला घेतात. पोरं यावर छप्पर उडेल इतकं हसतील, कारण त्यांनी ते सोसलंय. आणि याचा अजून एक फायदा होतो, की माणसाची एखादी खोड सांगितली की बाकीचं कौतुक खरं वाटायला लागतं, नुसत्या गुणांच्या यादीवर कोणाचाच विश्वास बसत नाही. खोड मात्र अशी निवडा की जी त्या स्वतःही हसून कबूल करतात, चिडण्याबिडण्याची नको.

मिस्टरांबद्दल. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात नेहमीचं आलंय, आता भरपूर फिरा, देश बघा, दुसरी इनिंग एंजॉय करा, नातवंडांत रमा. ज्या घरात आजारपण चालू आहे त्या घरातल्या बाईला माइकवरून काश्मीर बघायला पाठवू नका. एक जूननंतर त्या काय करणार हे त्यांचं त्यांना ठरवू दे. आणि मिस्टरांना उद्देशून "तुमच्या त्यागामुळे" वगैरेही नको, पहिल्या रांगेत बसलेल्या आजारी माणसाकडे सगळ्या हॉलच्या माना वळतात, त्यांना अवघड होतं. सुरुवातीला नजरेनं नमस्कार केलात तरी पुरे. शेवटाला शुभेच्छांच्या ऐवजी काहीतरी तुमच्यातलं, रोजचं सांगा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर नवीन वेळापत्रक हातात आलं की पहिला प्रश्न कोणाला विचारायचा, असं काहीतरी, किंवा सरळ "मॅडम, ती वही आम्हाला देऊन जाल का?" असं विचारून खाली बसा. मला स्वतःला हे दुसरं जास्त आवडलं, कारण त्यानं पुढं बोलायला त्यांना धागा मिळतो.

कविता काढा. छान असेल, पण ग्रुपवर आलेली कविता हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये असते आणि वाचताना लोक ओठ हलवतात. शिवाय ती कोणाची हे तुम्हाला माहिती नाही, आणि मराठीच्या शिक्षिकेनं कवीचं नाव न घेता कविता म्हणायची म्हणजे...

रडण्याचं बघू. थोडं रडू आलं तर काही बिघडत नाही, फक्त शब्द ऐकू यायला पाहिजेत. भाषण हातानं बारीक अक्षरात लिहून नेऊ नका, मोठ्या टायपात प्रिंट काढा, एका बाजूलाच, ओळींमध्ये जागा सोडून, पानांना नंबर घालून, कारण डोळ्यात पाणी आलं की बारीक अक्षर दिसतच नाही. मग घरी उभं राहून मोठ्यानं तीन-चारदा वाचा, घड्याळ लावून. मनात वाचून काही कळत नाही. मोठ्यानं वाचलं की गळा नेमका कुठल्या वाक्याला भरून येतो ते कळतं, बहुतेक वेळा ती एक-दोनच वाक्यं असतात आणि दर वेळी तीच. तिथं पेनानं खूण करा आणि ते वाक्य छोटं करा, तोडून दोन करा. लांब वाक्य भरल्या गळ्यानं पूर्ण होत नाही, छोटं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ पीटीचा तास ठेवा, म्हणजे लोक हसतात तेवढ्यात तुम्हाला पाणी प्यायला मिळतं. बोलताना मॅडमकडे बघू नका, मागच्या रांगेतल्या पोरांकडे बघा. एक कॉपी सूत्रसंचालकाकडे ठेवा, अगदीच नाही जमलं तर तो पुढचं वाचेल.

त्या सूत्रसंचालकालाच अजून एक सांगून ठेवा, की तुमचा नंबर मॅडमच्या मनोगताच्या अगदी आधी लावू नका. पुष्कळ ठिकाणी जवळची व्यक्ती म्हणून मुद्दाम शेवटी ठेवतात, आणि मग सत्कारमूर्ती उठतात तेव्हा त्यांना बोलताच येत नाही, "माझ्याकडे शब्द नाहीत" म्हणून बसतात, ३१ वर्षांनी मिळालेला माइक असा जातो. विद्यार्थ्यांची मनोगतं झाली की तुमचं, मग मानपत्र वाचन. मानपत्रात सगळ्यांचे डोळे आपोआप सुकतात.

एवढं सगळं केल्यावर तुमच्याकडे साधारण असं उरतं: सुरुवात आणि वही तीन मिनिटं, एखाद्या जुन्या मुलाचं सांगणं मिनिटभर, वेळापत्रक अर्धं मिनिट, पीटीचा तास मिनिटभर आणि शेवट. सहा मिनिटं झाली, सातवं मोकळं ठेवा, ते टाळ्यांना आणि पाण्याला लागतंच. ज्यांना अशीच भाषणं करायची आहेत त्यांनी वहीच्या जागी आपापल्या माणसाचं काहीतरी शोधावं, प्रयोगशाळेची किल्ली असेल, सहलीच्या हिशोबाची डायरी असेल, टाचणाच्या वहीतल्या समासातल्या नोंदी असतील, पण एकच घ्यावं आणि ते नीट सांगावं.

पीटीच्या सरांना मात्र आधी विचारून ठेवा, तेही स्टेजसमोरच बसणार आहेत, आणि तास नेमके किती गेले याचा आकडा त्यांच्याकडे नक्की असणार.